एका बुधवारची किंमत

‘आठवड्यातून एक दिवस ऑफिसला या, बाकीचं घरून करा.’ इंटर्नशिपच्या मुलाखतीच्या शेवटी असं वाक्य कानावर पडलं की अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्याला वाटतं, आपलं जमलं. एक दिवसाचा तर प्रश्न आहे. बुधवारी कॉलेजला दांडी, मित्राकडून नोट्स घ्यायच्या, संपलं.

या बुधवारचा हिशेब एकदा मांडायला हवा. पुणे विद्यापीठाच्या, म्हणजे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या, 2019 च्या अभ्यासक्रमात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या सातव्या सत्रात पाच थिअरी विषय आहेत आणि प्रत्येकाची आठवड्याला तीन लेक्चर्स. सत्र चौदा आठवडे चाललं असं धरलं, तर एका विषयाची 42 लेक्चर्स होतात. पंचाहत्तर टक्के हजेरीसाठी त्यातल्या 32 लेक्चर्सना बसावं लागतं, म्हणजे चुकवायची मुभा फक्त 10 ची. आता बुधवारी त्या विषयाचं एक लेक्चर असेल आणि दर बुधवारी खाडा असेल, तर 14 लेक्चर्स गेली. हजेरी उरली 66 टक्के. एकही दिवस आजारी न पडता, गावी लग्नाला न जाता, पाऊस-ट्रॅफिकचं कारण न सांगता, केवळ त्या एका बुधवारच्या जोरावर विद्यार्थी डिफॉल्टर लिस्टमध्ये.

प्रॅक्टिकलचं आणखी वाईट. ते आठवड्यातून एकदाच होतं, दोन तासांचं, बॅचनुसार. आपल्या बॅचचं प्रॅक्टिकल नेमकं बुधवारी असेल, तर हजेरी 66 टक्के राहत नाही, ती शून्य होते. मित्राच्या नोट्स आणता येतात, पण मित्राने मशीनवर चालवून दाखवलेला प्रोग्राम आपल्या नावावर लागत नाही. टर्मवर्कचे गुण तिथूनच गळायला लागतात. (प्रॉक्सीचा पर्याय इथे विचारात घेतलेला नाही. वीस जणांच्या बॅचमध्ये तो फार दिवस टिकतही नाही.)

कॉलेज, प्रोजेक्ट आणि इंटर्नशिप एकत्र सांभाळण्याबद्दल बोलताना सगळे तासांची बेरीज मांडतात. कॉलेजचे तेवीस, इंटर्नशिपचे वीस, प्रवासाचे दहा, आणि आठवड्यात एकूण 168 तास असतात, मग अडचण काय? अडचण अशी की या तिन्ही कामांची चाल वेगळी आहे. हजेरी थेंबाथेंबाने साठते आणि एकदा सांडली की परत भरता येत नाही. सबमिशन महिनोन्‌महिने गप्प असतं आणि शेवटच्या तीन आठवड्यांत अंगावर येतं. इंटर्नशिप मात्र दर आठवड्याला तेवढेच तास मागते, बाहेर परीक्षा असो की दिवाळी. तीन वेगळ्या चाली एकाच साच्यात बसवायला गेलं की कुठलीतरी एक लंगडते. ती कुठली, हे सहसा नोव्हेंबरमध्ये कळतं.

शिकणं आणि काम यांची सांगड घालण्याचा प्रयोग तसा जुना आहे. अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी 1906 मध्ये इंजिनिअरिंगचे 27 विद्यार्थी घेऊन तो सुरू केला. एक आठवडा वर्गात, एक आठवडा कारखान्यात, अशी त्याची पाळी होती. कॅनडातलं वॉटर्लू विद्यापीठ 1957 पासून शिक्षणाचं सत्र आणि नोकरीचं सत्र आलटून-पालटून ठेवतं. आपल्याकडे पिलानीच्या बिट्‌सची ‘प्रॅक्टिस स्कूल’ 1973 ची, आणि तिथेही विद्यार्थी एक अख्खं सत्र कंपनीतच जातो. या तिन्ही ठिकाणी जाणत्या लोकांनी व्यवस्था आखली आणि तिघांनीही दोन्ही कामं एकाच दिवसात कोंबण्याचं टाळलं. आपल्याकडचा अर्धवेळ इंटर्न नेमकं तेच करायला निघतो. ही व्यवस्था कुणी आखलेली नाही, ती विद्यार्थ्याच्या डोक्यावर येऊन पडलेली आहे. त्यामुळे आखणी त्यालाच करावी लागते.

परदेशात शिकायला गेलेल्या मराठी मुलांना निदान एक आकडा कायद्याने मिळतो. अमेरिकेत एफ-1 व्हिसावरच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला 20 तासच काम करता येतं. ब्रिटनमध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांना सत्रात 20 तासांची मर्यादा आहे आणि कॅनडाने नोव्हेंबर 2024 पासून कॅम्पसबाहेरच्या कामासाठी ती 24 केली. हे नियम अभ्यासाच्या कळवळ्यापेक्षा स्थलांतराच्या धोरणातून आले आहेत हे खरं, पण अंदाज बांधायला आकडा वाईट नाही. पुण्यात, मुंबईत किंवा नागपुरात असं कुणी सांगत नाही. ऑफर लेटरवर ‘पार्ट-टाइम’ एवढंच असतं आणि त्याचा अर्थ सोळा तासांपासून चाळीसपर्यंत काहीही निघतो.

एक उदाहरण तपशिलाने मांडून पाहू. ते कुणा एका मुलीचं नाही, पण पुण्याच्या कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजच्या कँटीनमध्ये अशा चारजणी सहज भेटतील. ती कॉम्प्युटरच्या बी.ई.ला आहे, कॉलेज शहराच्या दक्षिणेला, कंपनी बाणेरला. कंपनी लहान, पंधरा-वीस माणसांची. जुलैत सत्र सुरू होतं आणि त्याच महिन्यात तिला इंटर्नशिप मिळते. कंपनीने मागितलेत आठवड्याला 24 तास.

तिने ऑफर स्वीकारण्याआधी वेळापत्रक हातात यायची वाट पाहिली. हे दिसायला किरकोळ आहे, पण पुढचं सगळं यावर उभं आहे. पाच विषयांची पंधरा लेक्चर्स, दोन लॅब प्रॅक्टिसचे सहा तास आणि प्रोजेक्टचे दोन, असे तिचे आठवड्याला तेवीस तास होत होते. मंगळवार-गुरुवारी तीनला कॉलेज सुटत होतं, शुक्रवारी एक वाजता. प्रोजेक्टचा तास बुधवारी दुपारी होता आणि गाइड सर त्याच वेळी भेटत. एक अडचण होती. तिच्या बी-3 बॅचचं एक प्रॅक्टिकल शुक्रवारी दुपारी दोनला होतं, म्हणजे शुक्रवार मोकळा दिसत होता, पण नव्हता.

मग ती पहिल्याच आठवड्यात क्लास टीचरकडे गेली. “मॅडम, बी-3 ऐवजी बी-1 मध्ये बसले तर चालेल का? बी-1 मधली एक जण इकडे यायला तयार आहे.” बॅचची अदलाबदल पहिल्या आठवड्यात अर्ध्या पानाच्या अर्जावर होते. एकदा हजेरीपट छापून झाले, जर्नलवर बॅच क्रमांक पडले आणि ओरलच्या याद्या तयार झाल्या की तीच गोष्ट एचओडींच्या सहीपर्यंत जाते, आणि बहुधा ‘आता कशाला?’ या उत्तरावर अडते. बी-1 चं प्रॅक्टिकल सोमवारी होतं. शुक्रवारची दुपार खरोखरच मोकळी झाली.

आता कंपनीशी बोलणं. तिने वेळा अशा सांगितल्या: मंगळवार आणि गुरुवारी साडेतीन ते साडेसात कॉलेजच्या रीडिंग हॉलमधून किंवा घरून, शुक्रवारी दुपारी अडीच ते साडेसहा ऑफिसमध्ये, आणि शनिवारी घरून सहा तास. बेरीज होते अठरा. कंपनीला हवे होते चोवीस. इथे बहुतेक जण ओशाळून ‘करते मी कसंतरी’ म्हणून टाकतात. तिने पूर्ण सत्राचा हिशेब पुढे ठेवला. चौदा आठवड्यांचे चोवीसप्रमाणे 336 तास होतात. सत्रातले दहा आठवडे ती अठरा तास देणार, म्हणजे 180. इन-सेमच्या आठवड्यात शून्य. सबमिशनच्या शेवटच्या तीन आठवड्यांत आठ-आठ, म्हणजे 24. हे झाले 204. उरलेले 132 तास एन्ड-सेम परीक्षा संपल्यावर, आठवड्याला चाळीस तासांनी, साडेतीन आठवड्यांत.

लहान कंपनीला हा सौदा पटतो, आणि त्यामागे दया नसून हिशेब असतो. रोज तीन-चार तास अधूनमधून दिसणाऱ्या इंटर्नपेक्षा सलग तीन आठवडे पूर्णवेळ बसणारा इंटर्न मॅनेजरला जास्त उपयोगी पडतो. त्याला एखादं अख्खं काम सोपवता येतं. मात्र यात एक खोट आहे. दोन सत्रांमधली सुट्टी किती मिळेल, हे विद्यापीठाचं परीक्षा वेळापत्रक येईपर्यंत कुणाला सांगता येत नाही, आणि वेळापत्रक पुढे-मागे होतं हे पुणे विद्यापीठाच्या मुलांना वेगळं सांगायला नको. म्हणून तिने तारखा दिल्या नाहीत, ‘नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा ते डिसेंबरची अखेर’ असा पट्टा दिला आणि वेळापत्रक लागल्याच्या दिवशी नेमक्या तारखा कळवायचं कबूल केलं. हे सगळं ईमेलवर लिहून घेतलं, तासांसकट. तोंडी ठरलेलं ऑक्टोबरपर्यंत टिकत नाही, कारण तोवर ज्याच्याशी बोलणं झालं होतं तो मॅनेजर दुसऱ्या प्रोजेक्टवर गेलेला असतो.

शनिवारच्या सहा तासांत एक मेख होती, ती तिला दुसऱ्या आठवड्यात कळली. आयटी कंपन्यांना शनिवारी सुट्टी असते. सकाळी दहाला लॅपटॉप उघडला, डेटाबेसचा ॲक्सेस नाही म्हणून काम अडलं, आणि विचारायला कुणीच नाही. सहा तास पाण्यात. त्यानंतर तिने कामाची वाटणी बदलली. दुसऱ्यांवर अवलंबून असलेली, शंका निघणारी कामं मंगळवार आणि गुरुवारी. एकट्याने बसून करता येतील अशी कामं, म्हणजे टेस्ट लिहिणं, जुन्या कोडचं डॉक्युमेंटेशन, डेटा साफ करणं, ही शनिवारी. गुरुवारी संध्याकाळी लॅपटॉप मिटण्याआधी ती स्वतःलाच विचारायची, शनिवारच्या कामासाठी लागणारा पासवर्ड, परवानगी, फाइल हातात आहे का? शुक्रवारी ऑफिसमध्ये जाऊन ते मिळवता यायचं.

अर्धवेळ इंटर्नने कुठलं काम घेऊ नये, हेही यातूनच ठरतं. ग्राहकाकडे चालू असलेल्या प्रणालीत बिघाड झाला की तो दुरुस्त करायचं काम किंवा ज्याच्यावर बाकी चौघांचं काम अडलंय असं काम तिने घेऊ नये. ती वाईट कामं नाहीत, उलट त्यांतून शिकायला जास्त मिळतं. पण ती सोमवारी सकाळी अकराला पेटतात आणि त्या वेळी ती डिझाइन अँड ॲनालिसिस ऑफ अल्गोरिदम्सच्या लेक्चरला दुसऱ्या बाकावर बसलेली असते. रोज सकाळी दहाची स्टँड-अप मीटिंग हाही असाच काटा. पंधरा मिनिटांसाठी वर्गाबाहेर कॉरिडॉरमध्ये हेडफोन लावून उभी असलेली मुलं हल्ली सगळ्याच कॉलेजांत दिसतात. त्याऐवजी आदल्या रात्री चार ओळींत काय झालं, काय अडलं, पुढे काय करणार हे लिहून पाठवलेलं बहुतेक टीमना चालतं. पण ते विचारावं लागतं, आणि पहिल्या आठवड्यातच.

आता परीक्षेकडे. इथे विद्यापीठाची पद्धत अर्धवेळ काम करणाऱ्याच्या बाजूची आहे, फक्त ते पटकन लक्षात येत नाही. 2019 च्या आराखड्यात थिअरीचे शंभर गुण दोन भागांत विभागलेत. सत्राच्या मध्याला इन-सेम, 30 गुणांची, पहिल्या दोन युनिट्सवर. शेवटी एन्ड-सेम, 70 गुणांची, उरलेल्या चार युनिट्सवर. इन-सेम झाली की ती दोन युनिट्स परीक्षेपुरती संपली. पाच विषयांचे मिळून दीडशे गुण सत्राच्या मध्यालाच निकालात निघतात, आणि तेही सबमिशनची गर्दी सुरू होण्याआधी. तरीही कामात अडकलेला विद्यार्थी इन-सेमला ‘तीसच तर मार्क’ म्हणून उडवून लावतो आणि मग एन्ड-सेमला सत्तरपैकी जास्त मिळवायचं ओझं नोव्हेंबरवर टाकतो, ज्या महिन्यात त्याच्याकडे वेळ सर्वात कमी असतो. म्हणूनच तिने इन-सेमच्या आठवड्यात कंपनीचे तास शून्य ठेवले होते. त्या एका आठवड्याची भरपाई करणं सोपं, नोव्हेंबरातल्या आठवड्याची कठीण.

सबमिशनचं दुखणं वेगळं. ते अभ्यासाचं कमी आणि सह्यांचं जास्त आहे. प्रत्येक प्रॅक्टिकलचा राइट-अप, प्रोग्रामचं प्रिंटआउट, त्यावर तारीख आणि शिक्षकांची सही, इंडेक्सच्या पानावर पुन्हा सही, शेवटी सर्टिफिकेटवर विषयशिक्षक आणि एचओडी. दर आठवड्याला एक राइट-अप तपासून घेतला तर दहा मिनिटं लागतात. बारा राइट-अप साठवले तर शेवटच्या आठवड्यात साठ मुलांच्या रांगेत उभं राहावं लागतं, आणि दोन तासांनी सर म्हणतात, “आज जमणार नाही, उद्या ये.” इंटर्नशिप करणाऱ्याकडे ‘उद्या’च नसतो. राइट-अप लिहिण्यापेक्षा सहीसाठी थांबण्यातच त्याचा वेळ जास्त जातो, आणि थांबण्याची वेळ आपल्या हातात नसते. तिचा नियम साधा होता. ज्या सोमवारी प्रॅक्टिकल, त्याच सोमवारी मागच्या आठवड्याचा राइट-अप तपासून घ्यायचा, मग तो थोडा कच्चा असला तरी. कुठल्याही विषयाचे दोनपेक्षा जास्त राइट-अप थकले, तर त्या आठवड्यात कंपनीचे चार तास कमी करायचे.

प्रोजेक्टची गोष्ट सर्वात नाजूक, कारण तिथे नुकसान एकट्याचं होत नाही. चौघांचा ग्रुप असतो. त्यातली एक इंटर्नशिपला जाते म्हटल्यावर बाकीचे तिघे सुरुवातीला समजून घेतात, सप्टेंबरमध्ये कुरबुर करतात आणि ऑक्टोबरमध्ये तिला सांगणंच बंद करतात. अशा वेळी कमी वेळ देणारी व्यक्ती अपराधीपणातून एक वाटणी पुढे करते: “कोड तुम्ही बघा, रिपोर्ट आणि पीपीटी माझ्याकडे.” सगळ्यांना ती सोयीची वाटते. ओरलच्या दिवशी एक्स्टर्नल परीक्षक ग्रुपमधल्या कुणालाही विचारतात, “हे मॉडेल का निवडलं? ट्रेनिंगचा डेटा कुठून आणला? हे फंक्शन काय करतं?” रिपोर्टवाली गप्प होते. परीक्षकांना दोन मिनिटांत कळतं, गुण प्रत्येकाचे वेगळे पडतात.

त्यापेक्षा लहान असला तरी वरपासून खालपर्यंत आपला असा एक तुकडा घ्यावा. समजा प्रोजेक्ट पिकांवरचे रोग पानाच्या फोटोवरून ओळखण्याचा आहे. चौघांच्या वाटणीत तिने लॉगिन, फोटो अपलोड आणि तो साठवण्याचा भाग घेतला, स्क्रीनपासून डेटाबेसपर्यंत. मॉडेलचं काम दुसऱ्यांकडे. तिचा भाग इतरांपेक्षा लहान आहे हे सगळ्यांना माहीत, पण तो तिला ओळीओळीने सांगता येतो, आणि तो बाकीच्यांच्या पायात येत नाही. शिवाय गिटवर प्रत्येकाच्या कामाची तारीखवार नोंद राहते, त्यामुळे कुणी किती केलं यावर वाद घालायची वेळ कमी येते. बुधवारची गाइडची भेट तिने एकदाही चुकवली नाही. प्रोजेक्ट डायरीत त्या भेटीची नोंद आणि सही होते. चार आठवड्यांच्या सह्या एकाच दिवशी, एकाच पेनाने घेतलेल्या डायऱ्या गाइडने पुष्कळ पाहिलेल्या असतात.

रिपोर्टचंही सगळं शेवटी लिहावं लागत नाही. प्रस्तावना, लिटरेचर सर्व्हे, प्रणालीच्या गरजांचं प्रकरण आणि यूएमएल आकृत्या या गोष्टी पहिल्या दोन रिव्ह्यूंसाठी तशाही कराव्या लागतात. त्या तेव्हाच अंतिम साच्यात, योग्य समास आणि आकृत्यांच्या क्रमांकांसह लिहिल्या, तर आठव्या सत्रात फक्त अंमलबजावणी, चाचण्या आणि निष्कर्ष उरतात. शेवटच्या आठवड्यात खरा वेळ खातात त्या वेगळ्याच गोष्टी: प्लॅजिअरिझमचा अहवाल मर्यादेबाहेर आला म्हणून पुन्हा लिहिणं, चार प्रतींचं बाइंडिंग, प्राचार्यांची सही. त्यांतली एकही रात्री जागून होत नाही.

मग अनेकांना सुचतं, कंपनीत जे करतोय तेच प्रोजेक्ट म्हणून का देऊ नये? एका दगडात दोन पक्षी. स्पॉन्सर्ड प्रोजेक्टची सोय कॉलेजांत असतेच. कंपनीचं पत्र, तिथला एक मार्गदर्शक, गाइडची संमती, एवढं झालं की वाट मोकळी. पण पत्र घेण्याआधी तीन गोष्टी पाहाव्या लागतात. इंटर्न एक आहे आणि ग्रुप चौघांचा, तर उरलेल्या तिघांना कंपनीचा कोड बघायची परवानगी आहे का? इंटर्नशिपच्या करारात गोपनीयतेचं कलम असेल, तर एक्स्टर्नलसमोर प्रोग्राम चालवून दाखवता येईल का, रिपोर्टमध्ये स्क्रीनशॉट छापता येतील का? आणि तिसरी, सर्वात जास्त फसवणारी: जानेवारीत कंपनीने ते कामच थांबवलं तर? कंपन्यांचे अग्रक्रम तिमाहीगणिक बदलतात, विद्यापीठाचा विषय मात्र पहिल्या रिव्ह्यूला मंजूर झाला की बदलताना नाकी नऊ येतात.

यावर एक मधला मार्ग निघतो. कंपनीचा प्रश्न घ्यायचा, कोड आणि डेटा नाही. बाणेरच्या कंपनीत ग्राहकांच्या तक्रारी आपोआप वर्गवारी करण्याचं काम चालू असेल, तर ग्रुपने तोच प्रश्न मोफत उपलब्ध असलेल्या डेटावर, स्वतःच्या कोडने सोडवायचा. कंपनीत शिकलेलं तंत्र कामी येतं, मार्गदर्शकाला शंका विचारता येतात, आणि उद्या कंपनीने ते काम बंद केलं तरी प्रोजेक्ट उभा राहतो. तसं करतानाही मॅनेजरला एक ईमेल करून ‘हरकत नाही’ असं उत्तर घ्यायला विसरू नये.

आठव्या सत्राचं चित्र कॉलेजनुसार बदलतं. अनेक स्वायत्त महाविद्यालयांत शेवटचं सत्र पूर्णवेळ इंटर्नशिपला देता येतं आणि त्याचे क्रेडिटही मिळतात. तिथे हा अर्धवेळेचा गोंधळ फक्त सातव्या सत्रापुरता राहतो. संलग्न महाविद्यालयांत टीपीओंकडून एनओसी घेऊन मुलं जातात, पण एनओसी म्हणजे हजेरीची माफी नव्हे. दोन्ही वेगवेगळ्या टेबलांवरच्या गोष्टी आहेत आणि दुसरीबद्दल एचओडींशी स्वतंत्र बोलावं लागतं. केंद्र सरकारच्या 2024 च्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेबद्दलही गैरसमज आहे. 2024 मध्ये सुरू झाली तेव्हा महिना पाच हजार रुपयांची ती योजना पूर्णवेळ शिकणाऱ्यांसाठी नव्हती; नियमित बी.ई. करणारा विद्यार्थी तेव्हा तिला पात्र ठरत नव्हता.

बिघडतंय हे ओळखायचं कसं? निकालाची वाट पाहिली तर उशीर होतो. आधीच्या खुणा लहान असतात. इन-सेमच्या वेळी हजेरी 80 टक्क्यांच्या खाली गेली, तर पुढे आजारी पडायलाही जागा उरलेली नसते. कंपनीतलं एखादं काम आठवडाभर ‘चालू आहे’ याच खान्यात पडून राहिलं, तर बहुधा ते अडलंय आणि विचारायला संकोच वाटतोय. मॅनेजरला जाणारी उत्तरं रात्री एक-दीडला जाऊ लागली, तर ठरवलेले तास कधीच मोडले आहेत. आणि ग्रुपमधल्या मित्राने गेल्या आठवड्यात काय बदललं हे सांगता येत नसेल, तर प्रोजेक्टवरची पकड सुटली आहे.

अशा वेळी काय आधी सोडायचं याचा क्रम ठरलेला असला की घाबरगुंडी कमी होते. पहिल्यांदा कंपनीचे तास कमी करून मागायचे, तेही सबमिशनच्या दोन आठवडे आधी आणि कामाच्या भाषेत: “सर, 12 तारखेपासून तीन आठवडे मी आठच तास देऊ शकेन. रिपोर्टिंगचं मॉड्यूल त्याआधी संपवते, सर्चचं तसंच ठेवते. कुणाला घ्यायचं असेल तर नोट्स लिहून ठेवल्या आहेत.” बहुतेक मॅनेजर याला हो म्हणतात. आदल्या रात्री ‘उद्यापासून परीक्षा आहे’ असा निरोप गेला, तर तेच मॅनेजर भडकतात. तास कमी होऊनही भागत नसेल तर इंटर्नशिप सोडावी, विषय सोडू नये. कॅम्पसवर येणाऱ्या अनेक कंपन्या चालू बॅकलॉग असलेल्याला मुलाखतीलाच बसू देत नाहीत, आणि हातात आलेली नोकरीची ऑफरही पदवी वेळेत मिळण्याच्या अटीवर असते. ज्या कंपनीसाठी विषय राहू दिला, तीच पुढे त्या विषयावरून ऑफर थांबवते, हेही होतं.

सोडताना मात्र नुसतं गायब होऊ नये. दोन आठवड्यांची आगाऊ सूचना, अर्धवट कामाच्या नोंदी, लॅपटॉप आणि ओळखपत्र परत केल्याची पोच, आणि जेवढं काम झालं तेवढ्याचं पत्र. त्या पत्रावर रुजू होण्याची आणि सोडण्याची तारीख, एकूण तास आणि कामाचं स्वरूप लिहिलेलं असावं. नुसतं ‘इंटर्नशिप समाधानकारकरीत्या पूर्ण केली’ एवढंच असेल तर कॉलेज क्रेडिटसाठी ते परत पाठवण्याची शक्यता असते. हे पत्र शेवटच्या दिवशीच हातात घ्यावं, कारण महिन्याभराने एचआरला पाठवलेल्या ईमेलची उत्तरं फार सावकाश येतात.